ताळा मूळ ओळीत घे

चि. यास आशीर्वाद.

तुझ्या आणि तुझ्या मैत्रिणीच्या वहीची पानं मिळाली. वह्या बदलून एकमेकांची उत्तरं तपासायची असं ठरवलंत आणि पहिल्याच आठवड्यात अबोला धरलात! तोही एका वर्गमुळापायी.

गणित असं:

√(x + 7) = x − 5

दोघांनी दोन्ही बाजूंचा वर्ग केला. x + 7 = x² − 10x + 25, म्हणजे x² − 11x + 18 = 0. तिने अवयव पाडले, तू सूत्र वापरलंस. दोघांनाही 9 आणि 2 मिळाले. पुढे तिने 2 वर काट मारली आणि तू तिच्या वहीत लाल पेनाने लिहिलंस, 'एक उत्तर राहिलं'. लाल पेन कशाला रे? तपासणारा काही परीक्षक नसतो.

तुझा पुरावा काय, तर 2 घातल्यावर 4 − 22 + 18 = 0 येतं. येतंच. पण हा ताळा तू कुठल्या ओळीत घेतलास? वर्ग केल्यानंतरच्या. गणितात विचारलेली ओळ वेगळी आहे. तिथे 2 घाल: डावीकडे √9 म्हणजे 3, उजवीकडे 2 − 5 म्हणजे −3. जुळलं? ताळा मूळ ओळीत घ्यायचा. मी हे वर्षानुवर्षं ओरडत आलोय, तरी पोरं शेवटून दुसऱ्या ओळीत ताळा घेतात आणि खूश होतात.

यावर तुझं म्हणणं, '9 चं वर्गमूळ −3 पण असतं.' बरोबर आहे, 9 ला वर्गमुळं दोन. पण √ हे चिन्ह त्यातल्या धन वर्गमुळासाठीच राखलेलं आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तुझीच वही बघ. सूत्रात तू लिहिलंस:

x = (11 ± √49) / 2

मग √49 च्या जागी 7 ठेवलास. मागे ± का लिहावं लागलं? √49 मध्येच दोन्ही चिन्हं असती, तर ते लिहायचं कारणच नव्हतं. वरच्या ओळीत एक नियम आणि खाली मैत्रिणीशी भांडताना दुसरा, असं चालत नाही.

मग हा 2 आला कुठून? वर्ग केला की 3 आणि −3 दोघेही 9 होतात, चिन्हाचा फरक पुसला जातो. त्यामुळे √(x + 7) = x − 5 आणि −√(x + 7) = x − 5 ही दोन वेगळी समीकरणं वर्गानंतर एकच दिसतात. 2 हे दुसऱ्याचं उत्तर. शेजारच्या घरचा पाहुणा आपल्या पंगतीला बसलाय. तो ओळखायचा तर मूळ ओळीतच ताळा हवा, कारण वर्गानंतरच्या ओळीत तो घरचाच वाटतो.

मैत्रिणीलाही सांग, काट मारली पण कारण लिहिलं नाही. 'उत्तरात 9 च दिलंय' हे कारण नव्हे. √ ऋण येत नाही, म्हणून x − 5 शून्य किंवा त्याहून मोठं हवं, म्हणजे x किमान 5. एवढी एक ओळ लिहिली असती तर तुला भांडायला जागाच उरली नसती.

मी चिडतोय खरा, पण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी असल्याच गणितात एका मुलीने एकच उत्तर लिहिलं होतं आणि मी तिचा अर्धा गुण कापला. फळ्यावर मी स्वतः दोन लिहिली होती ना! संध्याकाळी घरी ताळा घेतला, मूळ ओळीत, आणि घाम फुटला. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं नाही. साठ पोरांचा वर्ग, मी नवखा, वचक गेला असता तर वर्ष हातातून गेलं असतं. हे कारण मी अजून स्वतःला देतो. गुण मात्र तिला परत दिला नाही.

ताळ्याने सगळं सापडतं असंही समजू नकोस. x² = 5x मध्ये दोन्ही बाजूंना x ने भागलंस तर 5 मिळतो, ताळाही जुळतो, आणि 0 हे उत्तर गुपचूप हरवतं. आगंतुक आला तर ताळा पकडतो, हरवलेल्याला परत आणत नाही. तिथे भागण्याआधीच विचारावं लागतं, हा x शून्य असू शकतो का?

आता दोघांनी वेगवेगळं बसून हे सोडवा: √(x + 7) = 5 − x. वर्ग केल्यावर तीच ओळ येईल, तेच 9 आणि 2. या खेपेला हाकलायचं कोणाला, ते वह्या बदलण्याआधी लिहून ठेवा. आणि खुणा पेन्सिलीने करा.

तुझा,
सर