२३ वर्षं पूर्ण म्हणजे बसतो की बाहेर?

"सर, आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. मुलाला एसएससी जीडी कॉन्स्टेबल भरती २०२६ चा फॉर्म भरायचाय, वय १८ ते २३ आहे. एसएसएलसी मार्क्स कार्डावर १ जानेवारी २००३, पण बर्थ सर्टिफिकेट नि आधारवर १२ मार्च २००३. सायबरवाला म्हणतोय २३ म्हणजे चालतंय, भरून टाका. भरू काय?"

ताई, नका भरू, निदान जनरलमधून तरी नको. एका दिवसाने गेलाय बघा तो.

जाहिरातीत वय १ जानेवारी २०२६ ला मोजायचं असं दिलंय, म्हणजे फॉर्म कधी भरला किंवा आज वय किती हे बघायचंच नाही. आता कागदावर मांडा. १ जानेवारी २०२६ मधून २३ वर्षं वजा केली की १ जानेवारी २००३ येतं, आणि त्या दिवशी जन्मलेल्याला त्याच तारखेला २३ पूर्ण होतात. नियमाला २३ पूर्ण झालेला चालत नाही, म्हणून एक दिवस पुढं सरकायचं. जाहिरातीतही तेच छापलंय, जन्म ०२-०१-२००३ च्या आधीचा नको. खालच्या टोकाला मात्र उलटं आहे, १८ पूर्ण झालेलाच हवा, म्हणून तिथं ०१-०१-२००८ ला जन्मलेला पोरगा बसतो. सगळा घोळ इथंच होतो, लोक दोन्हीकडं एकच हिशेब लावतात. मी तर वयाचं गणित करतच नाही, जाहिरातीतल्या या दोन जन्मतारखा बघतो नि मार्क्स कार्ड शेजारी धरतो.

ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरला असेल तर 'कोणत्या तारखेला वय' हा रकाना बघा, तिथं बहुतेक वेळा आजचीच तारीख बसलेली असते. आणि ०२-०१ ही २ जानेवारी आहे, काही साइट्स महिना आधी धरतात नि १ फेब्रुवारी समजून उत्तर देतात.

आता १२ मार्चचं. ती तारीख घातली तर फॉर्म पुढं जाईलही, पण भरती घेणारा कर्मचारी निवड आयोग दहावीच्या सर्टिफिकेटवरचीच जन्मतारीख धरतो, आधार नि बर्थ सर्टिफिकेट तिथं वय ठरवत नाही. म्हणजे कागदपत्रं तपासताना तो सापडणार, तोवर लेखी, धावणं सगळं करून झालेलं असेल. आणि फॉर्म भरताना सर्टिफिकेटवर जी तारीख असेल तीच राहते, नंतर दुरुस्त करून आणली तरी मान्य नाही.

एक वाट आहे, ओबीसी असाल तर ३ वर्षं सवलत आहे, मग हद्द ०२-०१-२००० वर जाते नि मुलगा आरामात बसतो. पण तुमच्याकडं तहसीलदाराचा, कर्नाटकाच्या मागास यादीतला ३बी दाखला असेल तर त्याच्यावर केंद्राची सवलत आपोआप मिळत नाही हां. जात कर्नाटकासाठीच्या केंद्रीय ओबीसी यादीत असायला हवी नि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. आधी यादीत जातीचं नाव शोधा, सापडलं तरच तहसील ऑफिसात जावा, आणि तोवर फी भरू नका.