sin(π/x) ची x → 0 ला लिमिट नाही हे कसं दाखवायचं?

प्रश्न: म्हापशात बीएस्सी करतोय. कॅल्क्युलेटरवर 0.1, 0.01, 0.001 टाकलं तर sin(π/x) दरवेळी 0 येतं, मग लिमिट 0 का नाही?

उत्तर: तू टाकलेले सगळे आकडे 1/n च्या रूपातले आहेत, म्हणून π/x म्हणजे nπ झालं आणि sin(nπ) शून्यच असणार. पण लिमिट 0 असायला 0 कडे जाणाऱ्या प्रत्येक सिक्वेन्सवर उत्तर 0 कडे जायला हवं, एकावर जाऊन भागत नाही.

आता दुसरी सिक्वेन्स शोधूया, आणि ती अंदाजाने शोधायची नाही, उलटीकडून यायचं. साइन 1 कधी होतो? कोन π/2 + 2πn असेल तेव्हा. मग π/x = π/2 + 2πn ठेव आणि x सोडव, x = 2/(4n+1) मिळतं, म्हणजे 2/5, 2/9, 2/13 असं, हेपण 0 कडेच जातं आणि कधी 0 होत नाही (हे पेपरात लिहायचंच, बरेच जण विसरतात). ह्याच्यावर फंक्शन कायम 1. लिमिट L असती तर पहिल्या सिक्वेन्सवरून L = 0 आणि दुसऱ्यावरून L = 1 झाली असती, ते शक्य नाही, म्हणून लिमिट नाही.

एक लक्षात ठेव, दोन्ही सिक्वेन्सवर सारखंच उत्तर आलं तर काहीच सिद्ध होत नाही. 1/n आणि 1/(2n) घेतलंस तर दोन्हीकडे 0 च येईल.