आनंद द्विगुणित, कलिंगड त्रिगुणित

"बिनबियांचं कलिंगड त्रिगुणित असतं आणि म्हणून वांझ असतं, असं वाचलं. त्याच लेखात साध्या कलिंगडाला 'द्विगुणित' म्हटलंय. आनंद द्विगुणित होतो म्हणजे दुप्पट होतो, मग साधं कलिंगड कशाच्या दुप्पट? आणि तिप्पट वांझ, तर चौपट का नाही?"

लग्नपत्रिकेतल्या 'द्विगुणित'चा अर्थ इथेही तोच आहे, फक्त मोजायचं माप वेगळं. इथलं माप म्हणजे गुणसूत्रांचा एक संच. कलिंगडाच्या संचात 11 गुणसूत्रं असतात. पानाच्या किंवा खोडाच्या पेशीत असे दोन संच असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. म्हणून 22, म्हणून द्विगुणित. त्रिगुणित म्हणजे 22 ची तिप्पट नव्हे, 11 ची, म्हणजे 33. चतुर्गुणितात 44. (यात आणखी एक गंमत आहे. 'गुणसूत्रा'तला गुण म्हणजे लक्षण आणि 'गुणिता'तला गुण म्हणजे गुणाकार. दोन्ही शब्द एका वाक्यात आले की गोंधळ ठरलेला.)

वेल वाढताना पेशी फक्त आपली नक्कल काढते. त्यासाठी गुणसूत्रांना जोडीदार लागत नाही, म्हणून 33 वाली वेल मजेत वाढते. अडतं ते परागकण आणि बीजांड तयार होताना. तिथे संच निम्मे करायचे असतात. त्याआधी सारखी गुणसूत्रं एकमेकांना धरतात आणि मग एक इकडे, एक तिकडे जातं. फुगडीला दोघी लागतात. त्रिगुणितात प्रत्येक ठिकाणी तिघी. कधी दोघी फुगडी धरतात आणि तिसरी नुसती उभी राहते, कधी तिघीही अर्धवट हात गुंफतात. वाटणी होते ती बहुधा दोन-एक अशी, आणि कुठल्या बाजूला दोन जातील हे दर तिघींत वेगळं ठरतं.

हिशोब करून बघा. अशा 11 तिकड्या आहेत. एका बाजूला अकराच्या अकरा ठिकाणी एकेकच यावं, याची शक्यता 2048 मध्ये 1. सगळीकडे दोन-दोनच यावीत, याचीही तेवढीच. म्हणजे नीट मापाची वाटणी साधारण हजारात एकदा. बाकीच्यांत काही गुणसूत्रं एकदा, काही दोनदा, आणि तसे परागकण किंवा बीजांडं बहुतेक वाया जातात. फळात पांढरी मऊ टरफलं दिसतात ती याचीच खूण. क्वचित एखादं काळं टणक बी निघतं, ते त्या दुर्मीळ वाटणीचं.

मग असं वांझ झाड मुळात येतं कुठून? जपानमध्ये हितोशी किहारा यांनी ते घडवलं आणि 1951 मध्ये प्रसिद्ध केलं. साध्या रोपाच्या शेंड्याला कोल्चिसिन लावायचं. आपल्या कळलावीच्या कंदात असतं तेच हे विष. पेशी विभागताना नक्कल झालेली गुणसूत्रं त्यामुळे वेगळी ओढली जात नाहीत, सगळी एकाच पेशीत राहतात आणि 22 ची 44 होतात. ही चतुर्गुणित वेल आई आणि साधी वेल बाप. आईकडून 22, बापाकडून 11, बी 33 चं. उलट संकर केला तर बी नीट भरत नाही. दर हंगामाला हे बी नव्यानं करावं लागतं. शिवाय शेतात साध्या कलिंगडाच्या ओळीही लावाव्या लागतात, कारण त्रिगुणिताचे स्वतःचे परागकण निकामी आणि पराग पडल्याशिवाय फळ धरत नाही. केळ्याला तेही लागत नाही. बाजारातली नेहमीची बसराई त्रिगुणितच आहे, योगायोगानं गुणसूत्रंही 33, पण ती परागाशिवाय फळते आणि मुनव्यांवर लावली जाते.

चौपटीत फुगडी जमते, दोन आणि दोन. पण "चौपट म्हणजे सुपीक" असं सरसकट म्हणता येणार नाही. नुकत्याच घडवलेल्या चतुर्गुणितात चारही गुणसूत्रं सारखी असतात, त्यामुळे कधी चौघी एकत्र गुंततात आणि वाटणी तीन-एक होते. म्हणूनच किहारांच्या त्या 'आई' वेलीच्या फळात बी कमी भरतं आणि बिनबियांच्या कलिंगडाचं बी महाग पडतं.

खरे फळाफुलाला आलेले चतुर्गुणित म्हणजे भुईमुगासारखे. त्याची 40 गुणसूत्रं दोन वेगळ्या रानटी जातींकडून आली आहेत, प्रत्येकीचे दोन-दोन संच. या घरातल्या बहिणी त्या घरातल्यांशी सहसा फुगडी धरत नाहीत. त्यामुळे शब्दानं चतुर्गुणित असलेलं हे पीक वागायला द्विगुणितासारखं. पहिल्या प्रकाराला स्वबहुगुणित म्हणतात, दुसऱ्याला परबहुगुणित. लिहिताना हा फरक ठेवावा.

'वांझ' शब्दाबद्दल माझी थोडी कुरकुर आहे. घडच्या घड देणाऱ्या केळीला वांझ म्हणणं कानाला खटकतं. मी 'निर्बीज' लिहितो.