राजीनामा चार ओळींचा, राग वेगळ्या कागदावर

मावशी, मला जॉब सोडायचाय. बास झालं आता. राजीनामा लिहून द्या, सोमवारी तोंडावर मारतो.
– वैतागलेला, पुणे

अरे बाळा, पगार किती, किती वर्षं झाली, पुढची ऑफर हातात आहे का, कशाचाच पत्ता नाही तुझ्या चिठ्ठीत. तरी मसुदा देते, कारण मी बरीच वर्षं एचआरमधे काढलीत आणि राजीनाम्याला खरंच फार काही लागत नाही. तारखा मी उदाहरणाला म्हणून घातल्यात, तुझ्या तू घाल.

विषय: राजीनामा
आदरणीय ____ सर,
मी ____ या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूक पत्रातल्या अटीप्रमाणे माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, त्यानुसार ३० एप्रिल २०२६ हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. तोपर्यंत माझ्याकडचं काम आपण सांगाल त्या व्यक्तीला समजावून देईन. राजीनामा मिळाल्याचं आणि शेवटची तारीख मान्य असल्याचं कृपया मेलवर कळवावं.
आपला, ____

झालं. ऑफिसात इंग्रजी चालत असेल तर हेच इंग्रजीत कर. कारण लिहायची सक्ती नसते. आभाराची ओळ मनापासून येत असेल तर टाक, नाहीतर राहूदे, तिच्यावाचून काही अडत नाही.

आता यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती तारीख, आणि गंमत म्हणजे लोक रागाच्या भरात नेमकी तीच चुकवतात किंवा सरळ ‘तात्काळ प्रभावाने’ असं लिहून मोकळे होतात. आधी नेमणूक पत्र काढ, ऑफर लेटर नव्हे हां, जॉइन झाल्यावर सही करून घेतात ते जाड पत्र. नोटीस ‘६० दिवस’ आहे की ‘दोन महिने’ ते बघ. समज सोमवारी, २ मार्चला मेल टाकलास. तोच दिवस पहिला धरला तर साठावा दिवस येतो ३० एप्रिल, गुरुवार. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर १ मे, म्हणजे महाराष्ट्र दिनाची सुट्टी, आणि मग एचआर म्हणतं सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप कोण जमा करून घेणार, सोमवारी या. एका दिवसाची भानगड वाटते, पण पुढच्या कंपनीने ४ मेला बोलावलं असेल तर घाम फुटतो. म्हणून तारीख तू स्वतः लिहायची आणि ती मान्य असल्याचं उत्तर मागायचं. नोटीसमधे रजा घेतली की तेवढे दिवस पुढे ढकलायचे असा नियमही बऱ्याच ठिकाणी असतो, तोही बघून ठेव.

लवकर सुटायचं असेल तर बायआउटची अट वाच. तिथे दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे पैसे भरून सुटायचा हक्क तुला आहे की ते ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ आहे. दुसरं, कापणार ते बेसिकवर की ग्रॉसवर. महिन्याचा ग्रॉस ४८ हजार आणि बेसिक २४ हजार असेल आणि ३० दिवस कमी भरले तर एका हिशोबात २४ हजार जातात, दुसऱ्यात ४८. नवीन कंपन्या कधीकधी हे पैसे देतात, पण ते आधी त्यांच्याकडून लेखी घे. आणि हो, पर्मनंट असशील आणि पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिनेच उरले असतील तर दात ओठ खाऊन थांब, ग्रॅच्युइटीचा प्रश्न आहे. बेसिक २४ हजार धरलं तर पाच वर्षांचे साधारण ६९ हजार होतात, एवढे पैसे कुणा साहेबावरच्या रागापायी सोडू नकोस.

आता रागाचं. राग खोटा आहे असं मी म्हणत नाहीये, पण राजीनामा कोण वाचतं ते ऐक. तुझा साहेब एकदा वाचतो आणि विसरतो. मग तो तुझ्या फाइलला लागतो आणि दोन-तीन वर्षांनी तू तिसरीकडे लागलास की बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांचा मेल येतो, तेव्हा एचआरमधली एखादी नवीन पोरगी, जिने तुला कधी पाहिलेलं नाही, ती फाइल उघडते. तिला विचारलेलं असतं की कधीपासून कधीपर्यंत होता, पद काय, नोटीस पूर्ण केली का, परत घ्याल का. त्या शेवटच्या रकान्यात ती हो लिहील की नाही हे समोरच्या कागदावरून ठरतं, तुझा साहेब किती नालायक होता हे तिला कुठून कळणार. आणि नोटीस न देता गायब झालास तर फाइलवर ‘अब्स्कॉन्डिंग’ असा शेरा पडतो, रिलीव्हिंग लेटर अडकतं, आणि ते नसलं की बऱ्याच मोठ्या कंपन्या जॉइनच करून घेत नाहीत.

तेव्हा सगळ्या शिव्या एका वेगळ्या फाइलमधे लिही, घरच्या कॉम्प्युटरवर, ऑफिसच्या नको. दोन दिवसांनी वाच. त्यात ‘रोज रात्री अकराला फोन’, ‘अप्रेझल ठरलेल्या महिन्यात झालंच नाही’ असलं तारखेनिशी काही असेल तर ते एक्झिट इंटरव्ह्यूला शांतपणे बोल. नुसतं ‘साहेब गाढव आहे’ असेल तर फाइल तुझ्यापाशीच ठेव.

पण एक अपवाद. पगार थकलाय, छळ झालाय किंवा तेच तुझ्याकडून राजीनामा लिहून मागतायत, असं असेल तर हा मसुदा जसाच्या तसा वापरू नकोस आणि गोड बोलून ‘वैयक्तिक कारणास्तव’ तर अजिबात लिहू नकोस, उद्या भांडायची वेळ आली तर तेच दोन शब्द तुझ्याविरुद्ध काढून दाखवतील. पगार थकला असेल तर ‘जानेवारी आणि फेब्रुवारीचा पगार येणे बाकी आहे’ एवढी कोरडी ओळ पत्रात टाक. जबरदस्तीने राजीनामा मागत असतील तर काहीही सही करण्याआधी वकिलाला भेट.

व्हेरिफिकेशन हे फाइलचं झालं, रेफरन्स माणसाचा असतो, आणि तो साहेबाचाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही. ज्याच्याबरोबर खरंच काम केलंस असा एखादा टीम लीड किंवा दुसऱ्या डिपार्टमेंटचा सीनियर बघ, नोटीस चालू असतानाच त्याला चहाला ने आणि सरळ विचार, तुमचं नाव देऊ का. त्याचा स्वतःचा नंबर घे, कारण तोही वर्षभरात कंपनी बदलेल.

राजीनाम्याचा मेल ऑफिसच्या आयडीवरून टाक आणि बीसीसीत स्वतःचा घरचा आयडी ठेव. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं आणि मग मेल दिल्याचा पुरावा त्यांच्याकडेच राहतो. सॅलरी स्लिपा आणि फॉर्म १६ आधीच उतरवून घे, कंपनीच्या फायलींना मात्र हात लावू नकोस, त्यावरून भलतंच लफडं होतं. सोडल्यावर दोन महिन्यांनी पीएफच्या साइटवर यूएएनने लॉगिन करून एक्झिटची तारीख पडलीये का बघ. कंपनीने टाकली नसेल तर तिथल्या ‘Mark Exit’ मधे तुला स्वतःला टाकता येते, फक्त शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने व्हावे लागतात. तारीख रिलीव्हिंग लेटरवरची तीच टाक.

– मावशी