होस्टिंग कंपनीकडे तक्रार: नोंदीतील वेळ नेमकी कोणती?

प्रश्न: वकीलसाहेब, निपाणीत आमची सौहार्द पतसंस्था आहे. परदेशातील एका होस्टिंग कंपनीच्या एकाच आयपी पत्त्यावरून आमच्या सर्व्हरवर रोज रात्री पासवर्ड लावून बघण्याचे प्रयत्न होत आहेत. लॉगचे फोटो जोडून दोनदा ईमेल केला, पण ‘पुरावा अपुरा आहे’ एवढेच उत्तर आले. त्या ग्राहकाचे नाव आम्हाला मिळेल का? कंपनीवर दावा लावता येईल का?

उत्तर: नाव आपल्याला थेट मिळणार नाही आणि आज दावा लावणे हिताचे नाही. भारतीय कायद्याच्या चौकटीत पाहिले तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थ कंपनीला संरक्षण देते, आणि श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले की, या कलमाखाली मजकूर हटवण्याची जबाबदारी खाजगी पत्राने नव्हे, तर न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशाने येते. ग्राहकाचे नाव पोलीस तपासात मागवतात. आपल्या ईमेलचे काम एवढेच, की कंपनीला तिचा ग्राहक बिनचूक ओळखता यावा. आपला ईमेल नेमका तिथेच अडला असावा.

जुन्या पद्धतीच्या लॉगमधील ओळ अशी दिसते (पत्ता उदाहरणापुरता आहे):

```
Feb 11 02:14:07 srv1 sshd[4121]: Failed password for root from 203.0.113.45 port 51822 ssh2
```

या ओळीत वर्ष नाही आणि वेळ कोणत्या देशाची तेही लिहिलेले नाही. भारतीय वेळेनुसार पहाटेचे २ वाजून १४ मिनिटे म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार आदल्या दिवशीचे रात्रीचे ८ वाजून ४४ मिनिटे. भाड्याचा सर्व्हर एका ग्राहकाने सोडला की तोच पत्ता थोड्या वेळात दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, त्यामुळे साडेपाच तासांच्या चुकीने निरपराध माणसाकडे बोट जाऊ शकते. म्हणून ईमेलच्या सुरुवातीलाच हे स्पष्ट लिहा:

```
Source: 203.0.113.45, port 51822
Target: 198.51.100.20, TCP 22
Time: 2025-02-10 20:44:07 UTC
```

त्याखाली लॉगच्या काही मूळ ओळी अक्षरांच्या स्वरूपात चिकटवा आणि संपूर्ण उतारा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जोडा, कारण फोटोतील पत्ता कंपनीला शोधयंत्रणेत टाकता येत नाही. सर्व्हरचे घड्याळ प्रमाणवेळेशी जुळवलेले होते का, हेही नमूद करा. ईमेल कुणाला पाठवायचा तो पत्ता आयपी पत्त्यांची नोंद दाखवणाऱ्या `whois` मध्ये तक्रारीसाठी दिलेला असतो. विक्री विभागाला पाठवलेली तक्रार बहुधा तिथेच पडून राहते. फाइल बाहेर देण्यापूर्वी सभासदांची नावे व खाते क्रमांक झाकायला विसरू नका. घाईत वापरकर्त्याच्या नावाच्या जागी कर्मचाऱ्याने आपलाच पासवर्ड टंकलेला असतो, आणि तो लॉगमध्ये जसाच्या तसा उमटतो.

भाषा जपून वापरा. ‘तुमचा ग्राहक चोर आहे’ असे न लिहिता ‘या पत्त्यावरून हे प्रयत्न नोंदले गेले’ असे लिहा. एसएसएचमध्ये जोडणी दोन्हीकडून पूर्ण व्हावी लागते, त्यामुळे पत्ता बनावट असण्याची शक्यता फार कमी. पण त्या ग्राहकाचाच सर्व्हर तिसऱ्या कुणी बळकावलेला असू शकतो. रागाच्या भरात उलट हल्ला मात्र कदापि करू नका, कारण कलम ४३ आणि ६६ आपल्यालाही तितकेच लागू आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. त्याच पत्त्यासमोर `Accepted password` अशी एखादी ओळ आहे का, हे आजच तपासा. ती असेल आणि तो प्रवेश आपल्या माणसाचा नसेल, तर प्रकरण प्रयत्नापुरते राहत नाही: केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ही घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवणे संस्थेवर बंधनकारक आहे. ती नसली तरी प्रयत्नही कलम ८४-सी खाली शिक्षेस पात्र आहे, आणि लक्ष्य भारतातील संगणक असल्यास कलम ७५ मुळे परदेशातून केलेले कृत्यही कायद्याच्या कक्षेत येते.

पोलीस तक्रार बेळगावच्या सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक व अमली पदार्थ गुन्ह्यांच्या ठाण्यात द्या. आपल्या भागात हा प्रश्न नेहमी येतो म्हणून सांगतो: संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन मराठीत देण्याचा आपल्याला हक्क आहे. तरीही तपास अडू नये यासाठी कन्नड किंवा इंग्रजी प्रत सोबत जोडा, असा माझा आग्रह आहे. न्यायालयात लॉग सादर करायचा झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, लिहावे लागते. ते आत्ताच काढून ठेवा:

```
sha256sum auth.log
```

हॅश काढण्याआधी फाइलची वेगळी प्रत करा, आणि सभासदांची नावे झाकायची ती दुसऱ्या प्रतीत. मूळ प्रतीतील एक अक्षरही बदलले तरी हॅश बदलतो. उबुंटूच्या नेहमीच्या मांडणीत हा लॉग साधारण चार आठवडेच टिकतो, तर वरील निर्देशांनुसार तो १८० दिवस जपणे आवश्यक आहे. पहिल्या रात्रींच्या नोंदी कदाचित याच आठवड्यात पुसल्या जातील, तेव्हा ईमेल नव्याने लिहायला बसण्याआधी ती प्रत काढा.