फ्लोरेसची बुटकी माणसे: बेटाने काय घडवले आणि काय नाही

प्रश्न: बेटावर अडकलेले प्राणी पिढ्यान्‌पिढ्या लहान होत जातात असे वाचले. माणसाचेही तसे होते का? इंडोनेशियात सापडलेला बुटका माणूस खरोखर वेगळा होता की आजारी होता? आणि मालवणसमोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर राहणाऱ्यांचे असे का होत नाही?

उत्तर: मी रत्नागिरीत महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि किल्ल्याचा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी विचारतोच, म्हणून आधी तोच घेतो. किल्ल्याचे कुरटे बेट होडीने काही मिनिटांच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात होड्या बंद असल्या तरी एरवी तिथल्या माणसांचे बाजारहाट, शाळा, सोयरिकी सगळे किनाऱ्याशी जोडलेले असते. अन्न बाहेरून येते आणि लग्नांमुळे जनुकेही बाहेरून येत राहतात. त्यामुळे उत्क्रांतीच्या दृष्टीने ही वस्ती एकाकी नाही. शिवाय मागच्या हिमयुगाच्या कडाक्यात, सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हा आपल्या किनाऱ्यालगतची ही बेटे म्हणजे कोरड्या जमिनीवरचे उंचवटे होते. हा बुटका माणूस जिथे सापडला त्या इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाचे तसे नाही. त्याच्याभोवतीचे पाणी इतके खोल आहे की हिमयुगातही ते आशिया खंडाला जोडले गेले नाही. तिथे पोहोचणारा प्राणी पोहून, वाहून किंवा ओंडक्यावरूनच पोहोचला आणि बहुधा कायमचा तिथेच राहिला.

अशा बेटावर अन्नाचा साठा ठरलेला असतो आणि दुष्काळ पडला तर दुसरीकडे निघून जायला जागा नसते. मे महिन्यात वाडीतली विहीर तळाला गेली की ज्या घराची गरज दोन हंड्यांची आहे ते तरते आणि ज्याची दहा हंड्यांची आहे त्याची पंचाईत होते; लहान आणि मोठ्या शरीराचे बेटावर असेच होते. लहान चणीच्या मादीला कमी अन्न पुरते, ती लवकर वयात येते आणि तिला पिल्लेही लवकर होतात. खंडावर मोठ्या शरीराचे जे फायदे असतात, म्हणजे वाघसिंहांपासून बचाव आणि चाऱ्यासाठी लांबचा प्रवास, ते बेटावर फारसे उपयोगी पडत नाहीत. म्हणून मोठे प्राणी आकसतात. उंदरांसारख्या लहान प्राण्यांचे मात्र अनेकदा उलट होते, कारण त्यांना लपून राहण्याची गरज उरत नाही. फ्लोरेसवर आजही मांजराएवढा उंदीर आहे. हा नियम अर्थात ढोबळ आहे आणि त्याला अपवाद पुष्कळ आहेत. फ्लोरेसवर हत्तीचा नातेवाईक असलेला स्टेगोडॉन खुजा झाला हे खरे, पण तिथे कोमोडो ड्रॅगन हा भलामोठा शिकारी सरडाही होता. म्हणून केवळ शत्रू नसल्यामुळे प्राणी लहान झाले, हे स्पष्टीकरण या बेटापुरते मला अपुरे वाटते आणि अन्नाच्या मर्यादेचे कारण अधिक पटते.

या बदलाला किती काळ लागतो? इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर, मागच्या हिमयुगाआधीच्या उष्ण काळात, समुद्र वाढल्याने तांबडी हरणे अडकली आणि 6,000 वर्षांपेक्षा कमी काळात त्यांचे वजन मूळच्या सुमारे एक षष्ठांशावर आले. भूशास्त्रीय हिशेबात हा काळ क्षणभराचाच म्हणायचा.

आता माणसाकडे येऊ. 2003 मध्ये फ्लोरेसवरील लिआंग बुआ या गुहेत एका प्रौढ स्त्रीचा सांगाडा सापडला, ज्याची उंची सुमारे 106 सेंटिमीटर भरते. मेंदूचे आकारमान आज साधारण 420 घनसेंटिमीटर मानले जाते, म्हणजे चिंपांझीच्या मेंदूएवढे आणि आपल्या मेंदूच्या एक तृतीयांशाहून कमी. 2004 मध्ये तिला होमो फ्लोरेसिएन्सिस हे नाव मिळाले आणि लगेच वाद सुरू झाला: ही वेगळी जाती नसून डोके लहान राहण्याच्या विकाराने ग्रासलेला आपल्यासारखाच माणूस असावा, असे काही संशोधकांचे म्हणणे होते. शंका अवाजवी नव्हती, कारण सुरुवातीला हा सांगाडा केवळ 18,000 वर्षांपूर्वीचा मानला गेला होता आणि कवटी एकच होती.

माझ्या मते हा वाद कवटीने नव्हे, मनगटाने सोडवला. आपल्या मनगटात तर्जनीच्या मुळाशी एक छोटे हाड असते. आपल्यात आणि निअँडरथल माणसात ते बुटासारख्या आकाराचे असते, तर चिंपांझी, गोरिला आणि फार प्राचीन मानवसदृश प्राण्यांत ते पाचरीसारखे असते. फ्लोरेसच्या स्त्रीचे हाड पाचरीसारखे निघाले. या हाडाचा मूळ आकार गर्भावस्थेच्या पहिल्या काही महिन्यांतच ठरतो, आणि वाढ खुंटवणारे विकार हाडे लहान करतात, पण त्यांना प्राचीन पूर्वजांचा आकार देत नाहीत. पायाची गोष्टही अशीच आहे. तिचे पाऊल मांडीच्या हाडाच्या सुमारे 70 टक्के लांबीचे आहे, तर आपले साधारण 55 टक्के असते. पुढे त्याच गुहेत इतर व्यक्तींचीही तितकीच लहान हाडे मिळाली आणि 2016 मध्ये नव्या कालमापनाने सगळे अवशेष 1,00,000 ते 60,000 वर्षांपूर्वीचे ठरले. आजाराच्या कल्पनेला मग फारसा आधार उरला नाही.

पण म्हणून सगळे श्रेय बेटाला देता येत नाही. एक मत असे की जावा बेटावरचा, जवळजवळ आपल्या उंचीचा होमो इरेक्टस हा प्राचीन मानव इथे वाहून आला आणि आकसला. दुसरे मत असे की मुळातच लहान चणीचा, होमो हॅबिलिस या त्याहूनही प्राचीन मानवाच्या जवळचा पूर्वज आफ्रिकेतून निघाला होता. म्हणजे बेटाने त्याला थोडेच लहान केले. मनगट आणि पाऊल दुसऱ्या मताकडे झुकतात. दात आणि कवटीचा काही भाग पहिल्याकडे. लिआंग बुआपासून पूर्वेला माता मेंगे येथे सुमारे 7 लाख वर्षांपूर्वीचे जबड्याचा तुकडा आणि दात सापडले आणि 2024 मध्ये तिथल्याच दंडाच्या हाडाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाड इतके लहान की ते मुलाचे वाटावे, पण सूक्ष्मदर्शकाखालील रचनेवरून ते प्रौढाचे ठरले; त्या व्यक्तीची उंची 100 सेंटिमीटरच्या आसपास येते. फ्लोरेसवरची दगडी हत्यारे किमान 10 लाख वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे इरेक्टस जर त्याच सुमारास आला असेल, तर तो पहिल्या 3 लाख वर्षांतच पूर्ण आकसला आणि नंतर लाखो वर्षे तसाच राहिला. जर्सीची हरणे पाहता एवढा काळ पुरेसा आहे, त्यामुळे वेगाच्या मुद्द्यावर पहिले मत बाद करता येत नाही.

मेंदू एवढा कसा आटला, हा आक्षेप उरतो. मेंदू खर्चिक अवयव आहे आणि मादागास्करच्या नामशेष खुज्या पाणघोड्यांत तो शरीराच्या प्रमाणात अपेक्षेपेक्षा बराच लहान झालेला आढळला आहे. एवढा मेंदू असूनही लिआंग बुआत दगडी हत्यारे आणि स्टेगोडॉनची कापल्याच्या खुणा असलेली हाडे मिळतात.

गुहेजवळच्या रामपासासा गावात आज सरासरी 145 सेंटिमीटर उंचीची माणसे राहतात. ती या प्राचीन जातीची वंशज असतील, असे अनेकांना वाटले होते. 2018 मध्ये त्यांच्या डीएनएचा अभ्यास झाला, तेव्हा कोणत्याही अज्ञात प्राचीन मानवाचा अंश सापडला नाही. आपल्या सर्वांत विखुरलेली, उंची कमी करणारी जनुकांची रूपे तिथे निवडीने वाढलेली दिसली. म्हणजे एकाच बेटावर दोन निराळ्या मानववंशांची उंची स्वतंत्रपणे कमी झाली, फक्त दुसऱ्यांदा बदल पुष्कळ सौम्य होता.

फ्लोरेसिएन्सिसच्या हाडांतून डीएनए मिळवण्याचे प्रयत्न उष्ण हवामानामुळे यशस्वी झालेले नाहीत. तेव्हा निकाल हाडांवरूनच लागेल, आणि त्यासाठी 7 लाख वर्षांहून जुने एखादे मनगट किंवा पाऊल हवे: ते मोठ्या चणीचे आणि इरेक्टससारखे निघाले, तर आकसण्याचे मत खरे, लहान आणि पाचरीच्या हाडाचे निघाले, तर बेटावर येणारी माणसे आधीपासूनच लहान होती.