इतिवृत्ताच्या सुरुवातीची यादी: शब्दसूची, परिभाषा की व्याख्या?

प्रश्न: आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेचे इतिवृत्त चाळीस पानांचे झाले आहे. ते वकील, बँक आणि उपनिबंधक कार्यालयातही जाणार आहे. सुरुवातीला संक्षेपांची आणि खास शब्दांची यादी द्यायची आहे. तिला शब्दसूची म्हणावे, परिभाषा की व्याख्या?

उत्तर: ‘संक्षेप आणि व्याख्या’ असे जोडशीर्षक द्या. शब्दसूची म्हटले की मराठी वाचक पुस्तकाच्या शेवटी पान क्रमांकांसह येणारी सूची समजतो. ‘परिभाषा’ ही एखाद्या विद्याशाखेची किंवा व्यवहारक्षेत्राची असते, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश असतात तशी. एका सभेच्या कागदाला ते नाव फार मोठे होते. ‘व्याख्या’ मात्र नेमका शब्द आहे, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २ चे शीर्षकही तेच आहे, आणि वकील-उपनिबंधकांची नजर त्याला सरावलेली असते.

जोडशीर्षक सुचवण्याचे कारण असे की तुमच्या यादीत दोन वेगळ्या जातीचे शब्द येणार आहेत. संक्षेप फक्त उलगडायचा असतो, त्याने अर्थ बदलत नाही. तरी ‘पीएमसी’ पाहा. तुमच्या सभेत त्याचा अर्थ प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, पण पुण्यात कोणीही तो पुणे महानगरपालिका असाच वाचेल. ‘पीएमसीने आराखडा तपासला’ या वाक्यात बँकेचा अधिकारी पालिकेची मंजुरी मिळाली असे समजू शकतो. ‘सीसी’चेही तसेच: काम सुरू करण्याची परवानगी, म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र, की काम पुरे झाल्याचा दाखला? असे दुहेरी संक्षेप यादीत उलगडण्यापेक्षा मजकुरातूनच काढून टाका आणि सरळ ‘सल्लागार’, ‘प्रारंभ प्रमाणपत्र’ लिहा.

दुसरी जात अवघड. त्यात शब्द ओळखीचाच असतो, पण या कागदापुरता त्याला ठरावीक अर्थ दिलेला असतो. मराठी खतांमध्ये ही रीत मुरलेली आहे. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘सदर मिळकत’ हे सगळे असेच बांधलेले शब्द आहेत. तुमच्या इतिवृत्तात सर्वांत जपायचा शब्द ‘चटई क्षेत्र’ हा आहे. घराच्या आतल्या वापरायच्या जागेला, म्हणजे कार्पेट एरियाला, आपण चटई क्षेत्र म्हणतो. आणि एफएसआयला शासकीय मराठीत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतात. पण तो निर्देशांक कार्पेटवर नव्हे, बांधकाम क्षेत्रावर मोजतात. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक २ असेल तर २,००० चौरस मीटर बांधकाम मिळते, तितके कार्पेट नव्हे. नाव सारखे असल्याने बाहेरचा वाचक इथे हमखास घसरतो. म्हणून निर्देशांकासाठी ‘एफएसआय’ ठेवा आणि ‘चटई क्षेत्र’ फक्त घराच्या आतल्या क्षेत्रासाठी राखा.

तेवढ्यानेही भागत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत सदनिकेतल्या आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. समजा, एका सभासदाचे घर या मापाने ४५० चौरस फूट आहे आणि बाल्कनी ४० ची. ‘चटई क्षेत्रावर २० टक्के जादा’ असा ठराव झाला, तर रेराच्या मापाने ५४० होतात. बाल्कनी धरून मोजले तर ४९० वर २० टक्के, म्हणजे ५८८. एका शब्दामागे ४८ चौरस फुटांचा फरक!

व्याख्या लिहिताना ‘म्हणजे’ आणि ‘यात समावेश होतो’ यांची गल्लत करू नका. ‘चटई क्षेत्र म्हणजे...’ म्हटले की अर्थाला कुंपण पडते. ‘चटई क्षेत्रात ...चा समावेश होतो’ म्हटले की दार उघडे राहते, बाकी काय येते ते वाचकाने ठरवायचे. मोजमापाच्या शब्दांना नेहमी ‘म्हणजे’ वापरा.

आणि एक मर्यादा, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. करारनाम्यातली व्याख्या दोन्ही पक्ष सही करून मान्य करतात; इतिवृत्तातली यादी मात्र सचिवाने सभेनंतर बसून केलेली असते. म्हणून सभेने जे ठरवलेच नाही ते यादीतून ठरावात घुसवता येणार नाही. ठरावाचे शब्द मंजूर झाले तसेच ठेवा. सभेत माप ठरले असेल तर व्याख्येपुढे ठराव क्रमांक लिहा: ‘चटई क्षेत्र म्हणजे रेरा कायद्यानुसारचे क्षेत्र, बाल्कनी वगळून (ठराव क्र. ४)’. ठरले नसेल तर व्याख्या देऊ नका. ‘ठरावात मोजमापाची पद्धत नमूद नाही’ एवढेच लिहा आणि तो विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या.